फाईलचं मराठी नाव वाटेत कुठं बिघडतं

“अहो, मी फाईलला धड मराठीत नाव दिलं होतं. पुण्याला भावाला मेल केली तर तो म्हणतोय नावाच्या जागी कसलीतरी चिन्हं आलीत. तीच फाईल कचेरीत पाठवली तर तिथले म्हणतात उघडतच नाही. मग पाठवायचं तरी कसं?”

तुम्ही विचारलंत म्हणून आधी एक गोष्ट सांगून टाकतो: तुमची फाईल शाबूत आहे. आतला अर्ज, उतारा, सही-शिक्का, सगळं जागेवर असतं. बिघडतं ते फक्त नाव. मेल जाताना नाव फाईलच्या आत नसतं, लिफाफ्यावर पत्ता असावा तसं बाहेर, मेलच्या शीर्षभागात असतं. त्या शीर्षभागाचे नियम ठरले तेव्हा तिथं फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं चालायची. मराठीसाठी सोय झाली ती नंतर, तीही दोन वेगळ्या रीतींनी. 1992 साली एक आली, 1997 साली दुसरी. तुमचा प्रोग्रॅम एका रीतीने नाव लिहितो आणि पलीकडच्याला दुसरीच कळते, असं आजही होतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हा प्रश्न जास्त टोचतो. जमीन खानापूर तालुक्यात, एक भाऊ पुण्याला, बहीण कोल्हापूरला, आणि कचेरीचं काम कन्नडमध्ये. एकच कागद चार-पाच जणांच्या मेलमधून फिरतो. कुणी मोबाईलवर उघडतं, कुणी दहा वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरवर.

माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारं प्रकरण घेऊ. वडील वारले, वारसा नोंद करायची आहे (इकडे कचेरीत पौती खातं म्हणतात), अर्ज स्कॅन केला आणि फाईलला नाव दिलं `वारसा नोंद अर्ज खानापूर.pdf`. नाव साधं आहे, फार लांबही नाही. आता ते वाटेत कसं जातं ते बघा.

कॉम्प्युटर आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. काना वेगळा, अनुस्वार वेगळा, पाय मोडायची खूणही वेगळी. ‘नोंद’ म्हणजे न, ओकार, अनुस्वार आणि द, अशा चार खुणा. ‘अर्ज’ म्हणजे अ, र, हलन्त आणि ज, पुन्हा चार. यातली प्रत्येक खूण साठवायला 3 बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला किंवा मोकळ्या जागेला 1. आपल्या नावात मराठीच्या 20 खुणा, 3 मोकळ्या जागा आणि शेवटचं `.pdf` मिळून 67 बाइट होतात.

पहिल्या रीतीत हे बाइट इंग्रजी अक्षरांत बदलून लिहितात. नाव `=?UTF-8?B?` ने सुरू होतं आणि `?=` ने संपतं. असा एक तुकडा 75 अक्षरांपेक्षा लांब चालत नाही, आणि सुरुवात-शेवटाच्या खुणा वजा करून त्यात फार तर 45 बाइट बसतात. आपले 67 आहेत, म्हणजे नावाचे किमान दोन तुकडे होणार. आता मोजून बघा. ‘वारसा नोंद अर्ज ’ आणि पुढचा एकटा ‘ख’ इथं बरोबर 45 भरतात. पलीकडच्या प्रोग्रॅमला तुकडे नीट जोडता आले नाहीत आणि त्याने पहिलाच घेतला, तर हातात राहतं `वारसा नोंद अर्ज ख`. नुसतं ‘खानापूर’ गेलं असतं तरी चाललं असतं, पण त्याच्यासोबत `.pdf` पण गेलं. फाईल कशाने उघडायची हे कॉम्प्युटर त्या शेपटावरूनच ठरवतो. म्हणून कचेरीतला माणूस म्हणतो, उघडतच नाही. तो खोटं बोलत नाही आणि तुमची फाईलही बिघडलेली नाही.

अशा वेळी समोरच्याला फाईलच्या नावाला शेवटी `.pdf` जोडायला सांगा, लगेच उघडते. फाईल कसली आहे याचीच शंका असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडून अगदी पहिली अक्षरं बघायची. `%PDF` दिसलं तर पीडीएफ. `PK` दिसलं तर बहुधा वर्ड किंवा एक्सेलची नवी फाईल, नाहीतर झिप. बाकीचा कचरा वाचायच्या भानगडीत पडू नका, आणि सेव्ह न करता बंद करा.

चिन्हं आली तर त्यातही फरक असतो, आणि तो ओळखता आला की पुढं काय करायचं ते कळतं. नाव `=?UTF-8?B?4KS14KS+4KSw` असं दिसत असेल, तर बांधून पाठवलेलं नाव पलीकडे सोडवलंच गेलं नाही. `%E0%A4%B5%E0%A4%BE` अशी टक्क्यांची माळ ही दुसऱ्या रीतीची खूण. यात मराठीची एक खूण 9 अक्षरं खाते, म्हणजे आपलं छोटंसं नाव 193 अक्षरांचं होतं आणि कुठंतरी कापलं जाण्याची भीती वाढते. `noname` किंवा `ATT00001` असं काही आलं तर समोरच्या प्रोग्रॅमला नाव वाचताच आलं नाही, म्हणून त्याने स्वतःचं ठेवून दिलं.

सगळ्यात जास्त दिसतो तो `à¤µà¤¾à¤°à¤¸à¤¾` हा प्रकार. हे ‘वारसा’च आहे. बाइट बरोबर पोचलेत, पण पलीकडच्याने ते युरोपी अक्षरं समजून वाचलेत. आपल्या भागात उपयोगी पडेल अशी एक गोष्ट इथं सांगतो. कन्नडही 3 बाइटनेच साठवतात, त्यामुळं त्यांच्या नावांचीही हीच गत होते, पण खूण वेगळी येते. मराठी नाव असेल तर `à¤` आणि `à¥` पुन्हा पुन्हा दिसतं, कन्नड असेल तर `à²` आणि `à³`. एकाच मेलमध्ये मराठी अर्ज आणि कन्नड पहाणी दोन्ही बिघडून आल्या, तरी न उघडता सांगता येतं कुठली कुठली.

असलं नाव परत मराठीत आणता येतं का, असंही लोक विचारतात. कधीकधी येतं, पण पूर्ण भरवसा नाही. विंडोजच्या त्या युरोपी अक्षरसंचात पाच जागा रिकाम्या आहेत, आणि आपल्या दुर्दैवाने हलन्त आणि पहिला उकार नेमके त्यांतल्या दोन जागांवर पडतात. ‘वारसा’मध्ये दोन्ही नाहीत, म्हणून ते सबंध परत येतं. ‘अर्ज’मध्ये हलन्त आहे, ‘तालुका’मध्ये उकार आहे. पडद्यावरून कॉपी करताना त्या जागचं अक्षर दिसत नाही, कित्येकदा गळूनच जातं, आणि मग जोडाक्षर जुळत नाही. नावाच्या जागी `????` किंवा `_____` आलं असेल, तर त्यातून काहीच परत मिळत नाही, मूळ बाइटच पुसले गेलेत. नव्याने नाव द्या आणि पुढं चला.

लांब नावांचा त्रास मेलशिवायही होतो. बरेच सर्व्हर आणि मोबाईल एका नावाला 255 बाइटच देतात, म्हणजे मराठीच्या 85 खुणा. विंडोज वेगळ्या पद्धतीने मोजतं, तिथं मराठीच्याही 255 खुणा चालतात. म्हणून ‘कैलासवासी वडिलांच्या नावावरील खानापूर तालुक्यातील सर्व जमिनींच्या वारसा नोंदीसाठीचा अर्ज व सोबतची कागदपत्रे’ असं नाव घरच्या कॉम्प्युटरवर बिनतक्रार बसतं आणि दुसरीकडे चढवताना नाकारलं जातं किंवा तुटतं.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. घरी, माझ्या कॉम्प्युटरवर, नावं मराठीतच ठेवतो. पाठवायची वेळ आली की एक प्रत काढतो आणि तिला असं नाव देतो:

```
2025-06-14_khanapur_varasa-arj.pdf
```

34 अक्षरं, सगळी साधी. तारीख वर्षापासून सुरू केली की फाईली आपोआप क्रमाने लागतात. मोकळ्या जागेऐवजी `_` किंवा `-`. मधे कुठं टिंब नाही, एकच टिंब शेवटच्या `pdf` आधी. गावाचं स्पेलिंग एकदा ठरवायचं आणि सोडायचं नाही. `nipani` एकदा आणि `nippani` एकदा लिहिलंत, किंवा जुनं `belgaum` आणि नवं `belagavi` दोन्ही वापरलीत, तर सहा महिन्यांनी शोधताना अर्ध्या फाईली सापडणार नाहीत.

सर्व्हे नंबरची मात्र खास काळजी घ्या. 45/2 मधली ती तिरकी रेघ फाईलच्या नावात चालत नाही, 7/12 मधलीही नाही. विंडोज ती टाइपच करू देत नाही. दुसरीकडून आलीच, तर पलीकडचा प्रोग्रॅम रेघेच्या आधीचा भाग फोल्डरचं नाव समजून टाकून देऊ शकतो, आणि 45/2 चा उतारा नुसता `2.pdf` म्हणून उतरतो. चुकीच्या हिश्श्याचा कागद जोडला जायला एवढं पुरतं. `sn45-2` लिहा.

मराठी सोडायची का, असं काही जण रागानं विचारतात, आणि बेळगावात हा राग मला पूर्ण समजतो, माझाही आहे. मराठी मी कागदाच्या पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत ठेवतो, मेलच्या विषयात ठेवतो आणि मजकुरात कुठल्या फाईलमध्ये काय आहे ते मराठीतच लिहितो. विषयाची ओळ वाटेत बिघडली तरी कुणाची फाईल उघडायची थांबत नाही, फाईलच्या नावाचं तसं नाही. पौती खात्याची मुदत संपत आलेली असताना नावापायी एक फेरी वाया जावी, हे मला पटत नाही.

झिप करून पाठवायचा सल्ला कुणी दिला तर झिपच्या आतल्या फाईलींनाही हीच साधी नावं द्या. झिपमधली मराठी नावं जुन्या प्रोग्रॅममध्ये `αñ` आणि `αÑ` अशी बाहेर पडतात. आणि पाठवण्याआधी तपासायचंच असेल तर स्वतःच्याच खात्यावर मेल करून काही कळत नाही, कारण बांधणारा आणि सोडवणारा प्रोग्रॅम एकच असतो. दुसऱ्या कंपनीचं खातं असलेल्या कुणालातरी पाठवा, फाईल त्याच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला सांगा, आणि उतरलेल्या नावाचा फोटो मागवा.