कांजी कडू लागली म्हणून लगेच टाकू नका

"ताई, तुमचं बघून गाजराची कांजी घातली, तिसऱ्या दिवशी चाखली तर नुसती कडू आणि खारट. बिघडली का? आणि झाली हे नक्की ओळखायचं कसं?"

नाही बिघडली. निदान तेवढ्यावरून तरी नाही. तिसऱ्या दिवशीची कांजी बेळगावच्या थंडीत कडूच लागते, आणि तो कडूपणा मोहरीचा असतो. गाजराचा नाही, मिठाचाही नाही. फोनवर दरवेळी हे अर्धवट सांगून होतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

कांजी म्हणजे मीठ-मोहरी घालून आंबवलेलं गाजराचं पाणी. मी ही शिकले कॅम्पातल्या एका पंजाबी काकूंकडून, त्यांचे मिस्टर मिलिटरीत होते. त्यांच्याकडे हिवाळा सरता सरता, होळीच्या आधी काळ्या गाजरांची कांजी घालतात, तिला आपोआप गडद जांभळा रंग येतो. आपल्या भाजी मार्केटात काळी गाजरं मला कधी मिळाली नाहीत. थंडीत लाल दिल्ली गाजरं येतात आणि केशरी गाजरं जवळजवळ वर्षभर असतात. मी लाल घेते, आणि रंगासाठी एक छोटं बीट. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, लाल आणि केशरी गाजराचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. काळ्या गाजराचा मात्र पाण्यात उतरतो. म्हणून बीट न घालता केलीत आणि पाणी फिकट राहिलं तर घाबरू नका, ती तशीच राहणार, रंगावरून कांजी झाली की नाही हे कळत नाही. आणि बीट जास्त घालू नका, त्यात साखर बरीच असते, पाणी बुळबुळीत व्हायची भीती वाढते.

आता प्रमाण. एक लिटर पाण्याला पाव किलो गाजरं, त्यातच ते छोटं बीट. मीठ पंचवीस ग्रॅम, म्हणजे चार-पाच सपाट चमचे, पाणी आणि गाजर मिळून वजनाच्या साधारण दोन टक्के. मोहरी दोन मोठे चमचे, एक चमचा लाल तिखट. मीठ जाडं घ्या, नसेल तर साधं घरातलंही चालतं, पाणी जरा गढूळ दिसेल एवढंच. मीठ कमी करायचा मोह आवरा, बीपीवाले लोक हटकून विचारतात म्हणून सांगते, कमी मिठाची कांजी घालण्यापेक्षा नेहमीच्या मिठाची करून अर्धी वाटी प्यावी किंवा मग पिऊच नये. मीठ कमी पडलं की नको ते जंतू आधी वाढतात आणि आंबट करणारे मागे पडतात.

गाजरं सोलू नका. नुसती थंड पाण्यात नीट घासून धुवा, साबण किंवा भाजी धुण्याचं लिक्विड नको. आपण बाहेरून विरजण काही घालत नाही, आंबवणारे जंतू त्या सालीवरच असतात, सगळं काम तेच करणार आहेत. काहीजणी गाजरं मिनिटभर उकळून घेतात, त्यानं ते मरतात आणि मग कांजी सुरू व्हायला फार वेळ लागतो. बोटाएवढे तुकडे करा, किसू नका, किसलं की चार दिवसांत लगदा होतो. पाणी मात्र उकळून पूर्ण गार केलेलं घ्या, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतूंना अडवतं, उकळल्यावर ते बरंचसं जातं.

आणि आता मोहरी, जिथे बहुतेक जणींचं अडतं. मोहरीच्या दाण्यात तिखट काहीच तयार नसतं. दाणा फुटला आणि त्याला पाणी लागलं की त्यातलं एक एन्झाइम काम करायला लागतं आणि तेव्हा तो नाकात जाणारा झणका तयार होतो. हे एन्झाइम उष्णतेनं मरतं. म्हणजे मोहरी भाजून दळली किंवा गरम पाण्यात कालवली तर झणका येत नाही आणि दाण्यातला मूळचा कडवटपणा तसाच राहतो. म्हणून कच्ची, न भाजलेली मोहरी त्याच दिवशी मिक्सरला थांबत थांबत फिरवायची, भांडं गरम होऊ द्यायचं नाही, आणि साध्या थंड पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवायची. वास घेऊन बघा, डोळ्यात पाणी आलं पाहिजे. आपल्या फोडणीची बारीक काळपट मोहरी यासाठी छान, पिवळीचा झणका जिभेवर लागतो पण नाकात तेवढा जात नाही. पाकिटातली जुनी पूड नको, तिचा दम गेलेला असतो. हा झणका नुसता चवीसाठी नसतो, तो बुरशी आणि यीस्ट दाबून ठेवतो, आणि आंबट करणारे जंतू त्याला बऱ्यापैकी सहन करतात, म्हणून कांजीत मोहरी हवीच.

ओल्या मोहरीचा कडूपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त जाणवतो. तोवर आंबटपणा आलेला नसतो म्हणून तो एकटा जिभेवर येतो. पुढे आंबट चढत गेलं की तो मागे हटतो आणि मोहरीही मवाळ होते. म्हणून तिसऱ्या दिवशी निकाल लावू नका.

ऊन किती द्यायचं, हे खूपजण विचारतात. उन्हाचं काम फक्त ऊब देणं. पंचवीस ते तीस डिग्रीला कांजी छान चालते. आपल्याकडे जानेवारीत दिवसा ऊन चांगलं असतं पण रात्री थंडी पडते आणि काम थंडावतं, म्हणून सकाळी दहाच्या सुमाराला गच्चीवर ठेवायची, चार वाजता घरात आणून कापडात गुंडाळून ठेवायची. काचेची बरणी लवकर तापते, जाड चिनीमातीची सावकाश तापते, दोन्ही चालतात, फक्त तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं काही नको. बीटचा रंग उन्हात फिका पडतो, म्हणून काचेच्या बरणीभोवती सुती कापड गुंडाळा. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर बरणी ठेवली तर ती फार तापेल, तेव्हा घरातच सावलीत ठेवा. पावसाळ्यात मी घालतच नाही, खानापूरच्या बाजूला तर तेव्हा आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही आणि कांजी रेंगाळली की बुरशीला सवड मिळते.

बरणीचं तोंड स्वच्छ मलमलच्या कापडानं बांधा, गच्च झाकण लावू नका, आत गॅस होतो. गाजरं पाण्याखाली राहिली पाहिजेत, वर तरंगणाऱ्या तुकड्यावरच बुरशी धरते. रोज कोरड्या स्वच्छ लाकडी चमच्यानं एकदा ढवळा. मोहरी तळाशी बसते ती वर येते आणि वरचे तुकडे भिजतात.

आता ओळखायचं कसं. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ व्हायला लागतं आणि वरून मोहरीचा वास येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणीला हलकेच टिचकी मारली की कडेनं बारीक बुडबुडे वर येतात, हे पहिले जंतू गॅस सोडत असतात म्हणून. नंतर बुडबुडे कमी होतात आणि आंबट वाढत जातं. पण बुडबुडे आले म्हणजे झाली असं नाही, बुडबुडे म्हणजे सुरू झाली. झाली तेव्हा कळतं ते जिभेवर. आधी स्वच्छ आंबट लागतं, त्यामागून मोहरी हळूच नाकात येते आणि कडवटपणा जाणवत नाही. गाजराचा तुकडा खाऊन बघा, बाहेरून थोडा मऊ, आतून अजून करकरीत आणि आतपर्यंत आंबट असला पाहिजे. आत गोडसर लागला तर एक दिवस आणखी. जानेवारीत पाच-सहा दिवस धरा, मार्चात तीन-चारही पुरतात. पीएच तपासायच्या पट्ट्या असतील तर चारच्या खाली आली की निर्धास्त व्हा.

वर पातळ पांढरी साय आली तर ती बहुतेक यीस्टची असते, चमच्यानं काढून टाका, वास चांगला असेल तर बाकी ठीक आहे. पण केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली, कुजल्यासारखा वास आला किंवा चमच्यातून तार सुटायला लागली, तर चव न घेता सगळी टाका. वरचं काढून खालचं वापरू, असं करू नका.

गेल्या थंडीत शहापूरच्या एका वहिनींचा असाच फोन आला, म्हणून त्यांची बरणीच बघायला गेले. मोहरी नीट मिसळावी म्हणून त्यांनी ती गरम पाण्यात कालवली होती, आणि बरणी जाड चिनीमातीची, पूर्वेच्या गॅलरीत, जिथे दहा वाजता ऊन निघून जातं. चौथा दिवस, पाणी जवळजवळ स्वच्छ, एक बुडबुडा नाही, चव खारट-कडू. वास मात्र चांगला होता, म्हणून टाकायची गरजच नव्हती. एक चमचा ताजी मोहरी दळून थंड पाण्यात कालवून त्यात घातली, सगळं काचेच्या बरणीत ओतलं आणि बरणी दुपारपर्यंत ऊन मिळेल अशी गच्चीवर ठेवली. दोन दिवसांत बुडबुडे दिसले आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला भरून बाटली पाठवली, मस्त आंबट झाली होती. एकच सांगते, हे जमलं कारण मीठ बरोबर होतं, मीठही कमी असतं तर मी ती टाकाच म्हटलं असतं.

झाल्यावर गाळून बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, तिथेही ती सावकाश आंबट होत राहते, दोन-तीन आठवड्यांत संपवा. जेवणाआधी छोटा ग्लास पुरे. उरलेल्या गाजरांवर परत साधं पाणी ओतून दुसरी कांजी करू नका. मीठ आणि मोहरी पहिल्या पाण्यातच गेलेली असतात, दुसरी पाणचट होते आणि लवकर बिघडते. ती गाजरं ज्वारीच्या भाकरीबरोबर लोणच्यासारखी खा, बीटचे तुकडे दह्यात घाला.