पोटरी दुखते म्हणून गेले आणि गुठळी निघाली

लांबच्या प्रवासानंतर पाय सुजणं मला नवीन नाही. बसून बसून दोन्ही पावलं भरतात, चपला घट्ट होतात आणि एक रात्र पाय उशीवर ठेवून झोपलं की सगळं उतरतं. या वेळचा प्रवास रात्रभराचा, खिडकीजवळच्या सीटवरचा होता आणि शेजारचे झोपलेले असल्याने मी उठलेच नव्हते. घरी आल्यावर काही दिवस सगळं ठीक होतं. मग एका दुपारी डावी पोटरी अचानक आवळून आल्यासारखी दुखायला लागली. आधी वाटलं, गोळा आला असेल. पण गोळा काही मिनिटांत सुटतो, हा सुटेना. उभं राहिलं की दुखणं वाढायचं. संध्याकाळी पाहिलं तर डावा पाय उजव्यापेक्षा भरलेला, किंचित लालसर आणि हाताला गरम लागत होता.

नवऱ्याने तेल कोमट करायला घेतलं होतं. मी म्हटलं, "चोळू नको, आधी दाखवून येऊ." प्रवासानंतर एकाच पायाला सूज आली तर गुठळीची शंका घ्यावी, एवढं कानावर होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी श्वासाबद्दल विचारलं. दम लागतो का, खोल श्वास घेताना छातीत टोचतं का, खोकल्यातून रक्त पडलं का, चक्कर येऊन पडलात का? बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. यातलं काहीही असतं तर तिथून थेट इमर्जन्सीत पाठवलं असतं, असं त्या म्हणाल्या. पोटरी दुखत असताना छातीची चौकशी का? कारण पायाच्या खोल शिरेतल्या गुठळीचा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या बाजूतून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो, आणि खरा जिवाला धोका तिथे असतो.

मग त्यांनी मोजपट्टी काढली. गुडघ्याखाली नडगीचं जे हाड हाताला उंचवट्यासारखं लागतं, तिथून दहा सेंटिमीटर खाली पेनाने खूण केली आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला. डावी साडेतीन सेंटिमीटरने जास्त भरली. नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलल्यावर डाव्या पायावर खड्डा तसाच राहिला. पोटरीच्या मागे मधोमध, खोल शीर जाते त्या रेषेवर दाबल्यावर मी कळवळले. हे सगळं त्या एका गुणपत्रिकेत मांडत होत्या. तिचं नाव वेल्स स्कोअर. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरकाला एक गुण, त्याच पायावर पडणाऱ्या खड्ड्याला एक, शिरेच्या रेषेवरच्या दुखण्याला एक. कॅन्सर, नुकतं झालेलं मोठं ऑपरेशन, अंथरुणाला खिळणं, आधी कधी झालेली गुठळी यांनाही गुण असतात. ते मला नव्हते. उलट दुखण्याचं दुसरं कारण तितकंच संभाव्य वाटलं, तर दोन गुण वजा होतात. स्नायू फाटला असता तर जोर लावताना पोटरीत काहीतरी तटकन तुटल्याचा क्षण आठवला असता. मला तसं काही आठवत नव्हतं. गुण झाले तीन. दोन किंवा जास्त असले की गुठळीची शक्यता बरीच आहे असं धरतात.

मी विचारलं, "आणि प्रवासाचे गुण?" त्या हसल्या. प्रवासाला या यादीत जागाच नाही. चार तासांपेक्षा जास्त बसून राहिल्याने धोका साधारण दुप्पट होतो, पण मुळातला धोका लहान असल्यामुळे बहुतेकांना काही होत नाही. ज्यांना होतं त्यांच्याकडे बहुधा आणखी एखादं कारण असतं. मग त्यांनी चालू गोळ्या विचारल्या आणि माझं दुसरं कारण सापडलं. पाळी नियमित व्हावी म्हणून मी इस्ट्रोजेन असलेल्या हार्मोनच्या गोळ्या घेत होते. त्यांनी रक्त घट्ट व्हायची प्रवृत्ती वाढते.

तपासणीसाठी दोन वाटा होत्या. एक डी-डायमर ही रक्ताची चाचणी. गुठळी विरघळताना जे बारीक तुकडे रक्तात येतात, ते ती मोजते. गुण कमी असतील आणि ही चाचणी नॉर्मल आली, तर सोनोग्राफीचीही गरज नसते. पण संसर्ग, गरोदरपण, ऑपरेशन, नुसतं वय, कशानेही ती वाढते, त्यामुळे वाढलेला आकडा एकटा काहीच सिद्ध करत नाही. आणि माझ्यासारखे गुण जास्त असले तर नॉर्मल आकड्यावर विसंबूनही चालत नाही, सोनोग्राफी करावीच लागते.

सोनोग्राफी सकाळशिवाय होणार नव्हती. तेवढी रात्र नुसतं थांबायचं का? नाही. त्यांनी डी-डायमरसह रक्त घेतलं, किडनी, लिव्हर आणि प्लेटलेट तपासायला दिले, कुठून रक्तस्राव होतो का ते विचारलं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा पहिला डोस तिथेच दिला. रक्त आधी आणि गोळी नंतर, कारण गोळी सुरू झाल्यावर डी-डायमर फसवा कमी येऊ शकतो. सकाळी शिरेत काही दिसलं नसतं आणि हा आकडा वाढलेला असता, तर साधारण आठवड्याने पुन्हा सोनोग्राफी करून मग निर्णय झाला असता.

सकाळची तपासणी मी पडद्यावर बघत होते. जांघेपासून सुरुवात करून डॉक्टर थोड्याथोड्या अंतरावर प्रोब दाबत खाली येत होते. दाबलं की शिरेचा काळा गोल चपटा होऊन मिटायचा, शेजारची धमनी तशीच गोल राहायची. गुडघ्यामागे आल्यावर दाब दिला तरी शीर मिटेना. आत करडं काहीतरी भरलेलं होतं. ते म्हणाले, "हीच गुठळी. मिटत नाही ती शीर भरलेली, एवढं साधं आहे." गुडघ्यामागची किंवा त्याच्या वरची गुठळी पोटरीतल्या छोट्या शिरेतल्यापेक्षा जास्त गंभीर धरतात, कारण तिथून तुकडा सुटायचा धोका जास्त.

मला रिव्हारोक्साबान दिलं. पहिले 21 दिवस 15 मिलिग्रॅम दोनदा आणि नंतर 20 मिलिग्रॅम एकदा, दोन्ही जेवणासोबतच, कारण रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. गोळी गुठळी विरघळवत नाही, ती वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर स्वतः सावकाश करतं, म्हणून किमान तीन महिने. चालायला बंदी नव्हती, उलट सांगितलं होतं. गोळी सुरू असताना पाळीत रक्तस्राव भलताच वाढला. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी इस्ट्रोजेन थांबवून दुसरा पर्याय दिला.

तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा सोनोग्राफी केली. शिरेतून रक्त वाहत होतं, पण गुडघ्यामागे भिंत थोडी जाड राहिली होती आणि शीर पूर्ण मिटत नव्हती. डॉक्टरांनी तो रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर लावला. पुढे कधी हीच पोटरी दुखली तर नवी गुठळी कोणती आणि जुनी खूण कोणती, हे याच्याशी पडताळूनच ठरवता येईल, असं त्या म्हणाल्या.