लॅटेसाठी गुळाचं, व्हॅनिलाचं आणि कॅरॅमलचं सिरप: करणं सोपं, टिकवायचं कसं ते बघा

सिरप करणं अवघड नाहीच ओ, ज्याला साखर-पाणी उकळता येतंय त्याला सिरप येतंय. खरी परीक्षा ते बाटलीत भरल्यावर सुरू होते, आणि त्यातल्या त्यात गुळाच्या सिरपची. आमच्याकडं बेळगावात पावसाळा लागला की हवा अशी दमट होते की डब्यातले पापडसुद्धा सादळतात, त्यात माझ्या जाऊबाईंनी गुळाचं सिरप करून ओट्यावर ठेवलं आणि आठवड्याच्या आत बाटलीचं बूच फट्कन उडालं, अख्खी फळी चिकट. पोरग्याला कॅफेतल्या फ्लेवरच्या लॅटेची चटक लागली म्हणून मी घरी करायला घेणारच होते, तर हे बघून म्हटलं आधी हे असं का झालं ते समजून घेऊ या.

माझी बहीण बी. फार्म झालेली आहे, तिनं सांगितलं की औषधासाठी जे साधं सिरप करतात त्यात वजनानं ६६.७ टक्के साखर असते, म्हणजे दोन भाग साखर आणि एक भाग पाणी. एवढी साखर असली की ती पाणी धरून ठेवते, यीस्टला आणि बुरशीला वापरायला पाणीच उरत नाही. समसमान साखर-पाणी घेतलं की सिरप कॉफीत पटकन मिसळतं खरं, पण ते फ्रिजमध्येही फार दिवस टिकत नाही. म्हणजे सगळा खेळ शेवटी पाणी किती राहिलं त्याचा, आणि ते चमच्यानं, तारेनं किंवा अंदाजानं नीट कळत नाही, वजनकाट्यानं कळतं.

मी करते ती पद्धत अशी. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी करून ठेवायचं, माझं ४२० ग्रॅम भरतं. रविवार पेठेतून गूळ आणते, दुकानदार मामा पिवळाधमक पुढं करतात आणि म्हणतात "अक्का, हा घ्या की, रंग बघा", पण मी काळपट, मऊसर घेते, मला त्याची चव कॉफीत उठून दिसते. अर्धा किलो गूळ चिरून ३०० मिली पाण्यात बारीक गॅसवर विरघळवायचा आणि लगेच ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळायचा. गाळल्यावर फडक्यात बघा एकदा, वाळूचे कण, उसाचे धागे, कधी पोत्याचा सुतळीचा तुकडापण निघतो. पातेलं धुऊन पुसून गाळलेलं परत त्यात ओतायचं, वर फेस येतो तो काढत मंद उकळायचं आणि मधूनमधून पातेल्यासकट काट्यावर ठेवायचं, काट्यावर जाड फडकं घालून, नाहीतर काटा जातो. ११२० ग्रॅम आलं की गॅस बंद, म्हणजे सिरप ७०० ग्रॅम. गुळात स्वतःचं थोडं पाणी असतंच म्हणून साखरेसारखं ७५० ला न थांबता ७०० पर्यंत आटवते. गरम असताना ते पातळच दिसतं, तरी वजनावर विश्वास ठेवायचा, गार झालं की घट्ट होतं. उगाच आणखी आटवलं तर पाक होतो आणि थंड कॉफीत तळाला गोळा होऊन बसतो.

सासूबाई म्हणाल्या, एवढा खटाटोप कशाला, गुऱ्हाळावरची काकवीच घाल की. काकवी भाकरीबरोबर झकासच, पण प्रत्येक वेळची कमी-जास्त घट्ट असते, कपाला किती घालायची ते प्रमाणच बसत नाही.

आता बाटली. काचेच्या लहान लहान बाटल्याच घ्यायच्या, दहा मिनिटं पाण्यात उकळून उलट्या ठेवून पूर्ण कोरड्या करायच्या, आत एक थेंब राहता कामा नये. सिरप गरम असतानाच गरम बाटलीत जवळजवळ तोंडापर्यंत भरायचं, झाकण घट्ट लावून फडक्यानं धरून दोन मिनिटं उलटी करायची, म्हणजे गरम सिरप झाकणालाही लागतं. जाऊबाईंनी मोठी बाटली अर्धीच भरली होती, आत वाफ धरली, तिचे थेंब काचेवरून खाली आले, आणि पाणी सिरपपेक्षा हलकं म्हणून ते वरच तरंगत राहिलं. खालचं सिरप कितीही घट्ट असू दे, वरच्या त्या पातळ थरात यीस्टचं फावतं. म्हणून बाटली एकदा उघडली की मी ती फ्रिजमध्ये ठेवते आणि दर वेळी आधी हलवून मगच ओतते, चमचा आत घालायचाच नाही.

बिघडलं ते ओळखायला सोपं आहे. झाकण उघडताना फुस्स आवाज, कडेनं बारीक बुडबुड्यांची रांग, आंबूस ताडीसारखा वास, नाहीतर वर पांढुरका ठिपका. ठिपका काढून खालचं वापरायचं नाही, सगळं ओतून द्यायचं. बाटली फुगल्यासारखी वाटली तर सिंकमध्ये फडकं टाकून हळूच उघडा, काच आहे ती. गुळाचं मी तीन आठवड्यांच्या पुढं ठेवत नाही, बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिते.

व्हॅनिला त्यामानानं गरीब गाय. ५०० ग्रॅम साखर, आटवून एकूण ८०० ग्रॅम, कारण याहून घट्ट केलं तर फ्रिजमध्ये तळाला खडे धरतात. गुळात तो त्रास फारसा नाही, त्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज आधीच असतं. व्हॅनिलाची शेंग असेल तर चिरून गरम सिरपमध्ये झाकून ठेवायची आणि भरण्याआधी काढून परत एक उकळी द्यायची. इसेन्स असेल तर मात्र सिरप कोमट झाल्यावरच, उकळत्यात घातला तर सगळा वास स्वयंपाकघरात आणि बाटलीत नुसती गोडी. महिनाभर फ्रिजमध्ये निर्धास्त.

कॅरॅमलला फक्त हाताची काळजी. खोल, जड बुडाच्या पातेल्यात ३०० ग्रॅम साखर कोरडीच वितळवायची, कुंद्यासारखा तपकिरी रंग आला की गॅस बंद, पातेलं तापलेलं असतं म्हणून रंग पुढं चढतच राहतो, धूर दिसला तर कडू झालंच समजा. मग १५० मिली उकळतं पाणी थोडं थोडं, तोंड लांब ठेवून. गार पाणी घातलं तर साखर दगडासारखी आवळते आणि उसळी अंगावर येते, वाफेनं मनगट भाजतं. गाठी राहिल्या तर मंद गॅसवर विरघळतात, वजन ४५० च्या आसपास आणायचं, चिमूटभर मीठ. साय-लोणी घातलेलं कॅरॅमल सॉस चवीला भारीच, पण त्यात दूध आलं, ते फ्रिजमध्ये आठवडाभर आणि बस्स.

कपाला मी १५ ते २० मिली धरते, फिल्टरचं घट्ट डिकॉक्शन, त्यात सिरप, मग १५० मिली दूध. गुळाला एवढा क्रम पाळाच: दूध गरम असावं पण उकळतं नको, आणि सगळं एकत्र करून परत गॅसवर ठेवायचं नाही. गूळ थोडा आंबट, कॉफी आंबट, दोन्ही एकदम उकळत्या दुधाला लागले की ते फाटतं, गुळाच्या चहाचं होतं तसंच. पोरगं आता धारवाडच्या होस्टेलला कॅरॅमलची छोटी बाटली नेतंय, तिथं फ्रिज नाही म्हणून गुळाचं मी देतच नाही, आणि कॅरॅमलपण आठवड्यात संपेल एवढंच भरून देते.