काजूखालचा फोन

आमचं घर खाडीच्या काठाला, माडांच्या गर्दीत, चांगलं खोल. मुंबईहून येणाऱ्यांना ते फार आवडतं. मोबाइलला मात्र आवडत नाही. घरात रेंजची एखादी रेघ दिसते आणि 'हॅलो' म्हणेपर्यंत जाते. धड बोलायचं तर पाखाडी चढून सड्यावर जावं लागतं. तिथे कडेला एक काजू आहे. राजापूर तालुक्यात असे बरेच असतील, पण आमच्या वाडीत त्याला 'रेंजचा काजू' म्हणतात. चढायला मला बारा मिनिटं लागतात, उतरायला आठ. गुडघ्यांचा हिशोब वेगळा.

म्हणजे मी फोन करते तो असा करते. त्यामुळे समोरून कधीच फोन येत नाही, हे जरा जास्तच लागतं.

गेल्या तुळशीच्या लग्नापासून मी मोजायला लागले. मोजू नये म्हणतात, पण एकदा संशय आला की मन तलाठ्यासारखं नोंदी करत बसतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या फोनला टिंब, त्यांच्या फोनला गोल. शिमग्यापर्यंत डोंबिवलीच्या मैत्रिणीच्या नावावर चौदा टिंबं आणि गोल एकही नाही. रत्नागिरीची कॉलेजातली मैत्रीण, नऊ टिंबं, गोल शून्य. पुण्याची मावसबहीण, सहा टिंबं, दोन गोल. पालखी घरी येऊन गेली त्या रात्री मी ठरवलं, आता पुरे. आपण नाही केला तर काय होतं ते बघू या.

काय होणार? काहीच झालं नाही. चैत्र शांततेत गेला. मग एप्रिलमध्ये एक भाचा, एक जुने शेजारी आणि नवऱ्याचे एक साहेब, तिघांचेही फोन बरोबर मी काजूखाली असताना आले. तिघांनाही एकदम आमची आठवण झाली होती आणि तिघांचाही दुसरा प्रश्न एकच होता: "यंदा पेटी काय भावाने?" असे फोन गोलात धरायचे की नाही, यावर घरात चर्चा झाली. धरायचे नाहीत, असं ठरलं.

मे महिन्यात डोंबिवलीकरीण स्वतःच आली. राजापूर रोडला उतरली, रिक्षाने घरी पोचली आणि पाय धुवायच्या आधी म्हणाली, "काय गो, मेलीस की काय? दोन महिने फोन नाही!" मीही मनातलं ओकून टाकलं. चौदा टिंबं दाखवली. तिने शांतपणे आपला मोबाइल काढला आणि माझं नाव दाबून पुढे केला. जाणाऱ्या फोनांची रांगच होती. सगळे रात्री नऊ-साडेनऊचे. सगळे शून्य सेकंदांचे.

"तुझ्याकडे ती बाई बोलते," ती म्हणाली. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पाठ झालंय मला."

मी खाली ओट्यावरच बसले. फोन रेंजमध्ये नसला की आलेला कॉल त्याच्या नोंदीत येतच नाही, हे मला कधी सुचलंच नव्हतं. ज्याने केला त्याच्याकडे नोंद राहते, ज्याला केला त्याच्याकडे पाटी कोरी. अमुक नंबरवरून फोन आला होता, असा कंपनीचा मेसेज कधीकधी मागाहून येतो. आले असतील तर ते मी कर्जाच्या आणि रिचार्जच्या जाहिरातींबरोबर पुसून टाकले. ती बँकेतून सुटून, लोकलमधून उतरून, भाकऱ्या थापून नऊला मोकळी होते. मी त्या वेळी खाडीकाठी अंथरूण घालत असते. मी दुपारी चारला चढते तेव्हा ती काउंटरवर असते, तरी उचलते. म्हणजे आमच्यात पहिला फोन मीच करणार हे तिच्या स्वभावाने नव्हे, जागेने ठरवलं होतं. एसटीडी बूथच्या काळातही असंच असे. गावातलं माणूस बाजारात जाऊन शहरात फोन लावायचं, शहरातल्याने लावायचा कुठे?

"मग मेसेज का नाही केलास?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवतेस की. म्हणजे बरी असणार."

त्या चौदा फोनांत काय झालं होतं, ते मग मी आठवून पाहिलं. तिने चौदाही वेळा उचलला होता. घाईत होती तेव्हा "शनिवारी कर, सुट्टी आहे" असं नेमकं सांगितलं होतं. सासूबाईंच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार हे तिला माझ्याआधी आठवत होतं. टिंबं मोजताना हे कुठे मांडायचं, ते मला कळलं नव्हतं.

पण रेंजच्या नावावर सगळंच खपत नाही. रत्नागिरीच्या मैत्रिणीचे नऊ फोन असेच तपासले. पाच वेळा "नंतर करते हं" आणि ते 'नंतर' आलं नाही. दुसरा दिवस, दुसरी वेळ तिने कधी सुचवली नाही. चार वेळा बोलणं झालं ते तिच्या फ्लॅटबद्दल, मुलाच्या क्लासबद्दल. माझ्याबद्दल एक प्रश्न नाही. मेसेजच्या दोन्ही खुणा निळ्या, माझं स्टेटस तासाभरात बघितलेलं. तिथे ती बाई आडवी येत नव्हती. तिला दर पंधरवड्याचा फोन मी बंद केला. भांडण नाही, टोमणा नाही. दिवाळीला एक करीन, तिचा आला तर उचलीन.

मावसबहिणीचं प्रकरण वेगळं. तिच्या यजमानांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. फोन वाजला की तिला आधी धडकी भरते. तिला आता मी आवाज रेकॉर्ड करून पाठवते. पाऊस कसा लागला, कोंबडीने पिल्लं किती काढली, असलं काहीतरी दोन मिनिटांचं. शेवटी "उत्तर नको" असं सांगते. ती रात्री भांडी घासताना ऐकते आणि आठ-दहा दिवसांनी तिचा आवाज येतो. हे गोलात धरते मी.

अमेरिकेत २०२२ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. आपण सहज कुणाची चौकशी केली तर त्याला किती बरं वाटेल याचा आपला अंदाज कमी पडतो, असं त्यात आढळलं. आणि चौकशी जितकी अनपेक्षित, तितकं ते जास्त. वाचून जरा हिरमुसले. माझा फोन दर पंधरवड्याला, चारच्या ठोक्याला. त्यात अनपेक्षित ते काय उरलंय? दुधवाला रोज आला म्हणून कुणाचं मन भरून येत नाही. एक दिवस नाही आला की मात्र सगळी वाडी विचारते.

डोंबिवलीकरणीशी आता तह झालाय. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तिची बँक बंद असते. त्या दिवशी चारला मी काजूखाली बसायचं आणि फोन तिने लावायचा. जून, जुलै छत्री घेऊन पाळलं. ऑगस्टात तिचे दोन गोल कॅलेंडरवर बघून नवरा म्हणाला, "फ्रेम करून लावू या काय?"

गेल्या शनिवारी तीनलाच आभाळ भरलं आणि पलीकडच्या डोंगरावर वीज कडाडली. मोकळ्या कातळावर, एकुलत्या झाडाखाली, अशा वेळी कोण बसणार? मी घरातच राहिले. रविवारी ऊन पडल्यावर वर गेले. चार रेघा आल्या आणि मागोमाग तिचा मेसेज: "तीनदा लावला. शेवटी नेहमी मीच फोन करायचा का गो?"

टेकून बसले आणि तिला फोन लावला.