व्हीपीएन कनेक्ट होतोय पण साइटच उघडत नाहीत: माझा अनुभव

लक्षणं आधी सांगतो, कारण बऱ्याच जणांकडं हेच असणार. वायरगार्ड या व्हीपीएन अ‍ॅपमध्ये Activate केलं की हिरवं होतं, Latest handshake मध्ये काही सेकंदांपूर्वीची वेळ दिसते, ऑफिसच्या सर्व्हरला ping व्यवस्थित जातो, साइटचं नाव विचारलं तर आयपी पण लगेच मिळतो. आणि ब्राउझरमध्ये साइट टाकली की नुसतं गोल फिरत बसतं, मिनिटभरानं ERR_TIMED_OUT. गंमत म्हणजे यूट्यूब चालायचं आणि बँकेची साइट, ऑफिसचं गिट, आमचं तिकीट पोर्टल यातलं एक पण उघडायचं नाही. व्हीपीएन बंद केला की सगळं सुसाट.

मी कोल्हापुरातनं काम करतो, ऑफिस पुण्याला. जुलैत शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं की पुण्याचा रस्ता तुटतो, मग घरूनच काम करायला लागतं, त्यामुळं व्हीपीएन बंद म्हणजे माझं काम बंद. शाहूपुरीत माझा एक मित्र त्याच कंपनीत आहे, त्याच्याकडं अगदी तीच कॉन्फिग फाइल विनातक्रार चालत होती. म्हणजे फाइल चुकीची नाही, सर्व्हर पण बंद नाही, फरक पडतोय तो माझ्या घरापासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेत.

ping चालतो, नाव सापडतं आणि साइट अडकते, या तिन्हीचा मेळ एकाच गोष्टीनं बसतो: छोटी पॅकेट पोचतायत, मोठी वाटेतच मरतायत. रेल्वेच्या पुलाखालनं सायकल निघून जाते आणि उसानं भरलेली ट्रॉली अडकते, तसला प्रकार. साधा ping म्हणजे विंडोजवर ३२ बाईट डेटा, नावावरनं आयपी सांगणाऱ्या डीएनएसचं उत्तर शंभर-दोनशे बाईट. पण https साइटशी बोलणं सुरू झालं की सर्व्हर त्याची सर्टिफिकेट पाठवतो, ती काही हजार बाईटची असतात, म्हणून पूर्ण भरलेल्या पॅकेटमध्ये येतात आणि तिथंच सगळं थांबतं. यूट्यूब का चाललं ते पण यातनं कळतं, क्रोम गूगलच्या साइटशी नेहमीच्या टीसीपीऐवजी क्विक नावाच्या प्रोटोकॉलनं बोलतो, आणि क्विकची पॅकेट सुरुवातीला साधारण १२०० ते १३०० बाईटचीच असतात, ती पुलाखालनं निघून जातात.

आता पूल किती उंच आहे ते मोजायचं. टनेल म्हणजे व्हीपीएनची जोडणी चालू ठेवून ऑफिसच्या आतल्या पत्त्यावर ping, पण साइज देऊन आणि तुकडे करायचे नाहीत असं सांगून:

```
ping -f -l 1380 10.20.0.1
ping -f -l 1381 10.20.0.1
```

पहिल्याला उत्तर आलं, दुसऱ्याला Request timed out. एका बाईटचा फरक! परत परत केलं, तेच. आणि 1393 दिलं की लगेच Packet needs to be fragmented but DF set असं येतं. या दोन मेसेजमधला फरक नीट समजून घ्या. दुसरा मेसेज आपलाच कॉम्प्युटर देतो, कारण टनेलची मर्यादा १४२० आहे हे त्याला माहीत आहे (१३९२ मध्ये आयपी आणि आयसीएमपीचे २८ मिळवले की १४२०). पण १३८१ ते १३९२ मधलं काही पाठवलं की ते नुसतं गायब होतं, कुणी काही कळवत नाही. हा जो मुका पट्टा आहे तोच खरा आजार.

पण मग १३८०च का? यासाठी थोडा हिशोब लागतो. इथरनेटवर एक पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाईटचं. माझी फायबर लाइन पीपीपीओईवर आहे, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम पासवर्ड टाकून जी जोडली जाते ती, आणि पीपीपीओई त्यातले ८ बाईट स्वतःला घेतं, उरले १४९२. मित्राच्या लाइनला पीपीपीओई नाही, त्याला पूर्ण १५०० मिळतात. वायरगार्ड आपलं पॅकेट एन्क्रिप्ट करून दुसऱ्या पॅकेटमध्ये घालतो, त्यात त्याचे स्वतःचे ३२ बाईट, यूडीपीचे ८, आणि बाहेरचं पॅकेट आयपीव्ही६ असेल तर ४०, आयपीव्ही४ असेल तर २०. आयपीव्ही६ धरून ८० होतात, म्हणून मर्यादा आपोआप १५०० वजा ८० म्हणजे १४२० धरली जाते. कॉम्प्युटरला वायफायवर १५०० दिसतात, पुढं राउटर ८ बाईट कापून घेणार आहे हे त्याला कोण सांगणार.

मग १४१२ आतलं पॅकेट जायला पाहिजे होतं ना, १४१२ अधिक ८० बरोबर १४९२? इथं वायरगार्डची एक खोड आहे जी फार कमी जणांना माहीत असते. तो आतलं पॅकेट १६ च्या पटीत भरून घेतो, फक्त पाठवणाऱ्याच्या एमटीयूच्या, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल मर्यादेच्या, वर जात नाही. ऑफिसच्या सर्व्हरवर एमटीयू १४२०, म्हणून १४०९ पासून पुढचं कुठलंही पॅकेट तिथनं निघताना फुगून १४२० होतं आणि बाहेर १५०० पडतात. १४०८ मात्र १६ ची नेमकी पट, ८८ सोळे, ते १४८८ होऊन आरामात येतं. १४०८ वजा २८ म्हणजे १३८०. हिशोब जुळला तेव्हा मला लई बरं वाटलं, कारण आता अंदाज राहिला नव्हता.

खात्री करायला अजून एक गोष्ट केली. वायरगार्डच्या खिडकीत Endpoint समोर चौकटी कंसातला आयपीव्ही६ पत्ता दिसत होता. तिथं सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आयपीव्ही४ पत्ता टाकला तर सगळ्या साइट उघडल्या! साहजिक आहे, १४२० अधिक ६० म्हणजे १४८०, ते १४९२ मध्ये बसतं. पण पत्ता असा कायमचा लिहून ठेवला आणि उद्या ऑफिसनं सर्व्हर हलवला की परत बोंब, म्हणून मी नाव परत टाकलं आणि कॉन्फिगमध्ये एक ओळ घातली:

```
[Interface]
MTU = 1408
```

ही ओळ माझ्याच बाजूला असून येणाऱ्या पॅकेटवर कसा परिणाम होतो असं वाटेल. टीसीपी कनेक्शन सुरू होताना आपला कॉम्प्युटर समोरच्याला सांगतो की मला एका पॅकेटमध्ये एवढाच डेटा पाठव, आणि तो आकडा एमटीयूवरनंच काढलेला असतो, इथं १४०८ वजा ४० म्हणजे १३६८. समोरचा तो पाळतो. घरातल्या राउटरमध्ये पण हाच आकडा बदलून घ्यायची सोय बहुतेक वेळा असते, म्हणूनच व्हीपीएनशिवाय पीपीपीओईचा त्रास आपल्याला कधी जाणवत नाही. पण व्हीपीएन चालू असताना टीसीपी एन्क्रिप्शनच्या आत असतं, राउटरला फक्त यूडीपी दिसतं, त्याला आत हात घालता येत नाही.

बरेच जण सरळ १२८० टाका म्हणतात. चालतं, पण विनाकारण प्रत्येक पॅकेट छोटं करून ठेवता. आणि त्याच्याही खाली गेलात तर टनेलमधलं आयपीव्ही६ बंद पडतं, कारण त्याला किमान १२८० लागतात.

खरं तर एवढं करायची वेळच यायला नको होती. प्रोव्हायडरच्या मशीनला पॅकेट मोठं वाटलं की ते पाठवणाऱ्याला Packet Too Big असा आयसीएमपीव्ही६ मेसेज देतं, आणि सर्व्हर मग तुकडे करून पाठवतो. आमच्या ऑफिसच्या फायरवॉलवर आयसीएमपी सरसकट बंद होतं, त्यामुळं तो मेसेज सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हता. मी तिथल्या नेटवर्कवाल्या दादांना वरचे ping चे आकडे पाठवले आणि RFC 4890 बघा म्हणालो, त्यात हा मेसेज अडवू नये असं स्पष्ट लिहिलंय. त्यांनी तो मेसेज, म्हणजे आयसीएमपीव्ही६ टाइप २, सुरू केला. मी तरी १४०८ ठेवलंय, तुकडे होण्यापेक्षा मुळातच बसणारं पॅकेट बरं.

साइट उघडायला लागल्यावर दुसरा प्रश्न, घरातलं सगळं नेट पुण्यातनं फिरून येत होतं, कारण कॉन्फिगमध्ये `AllowedIPs = 0.0.0.0/0, ::/0` होतं. दादांना विचारून ते फक्त `10.20.0.0/16` केलं, म्हणजे ऑफिसचे पत्ते टनेलमधनं, बाकी सरळ घरच्या लाइनवरनं. यालाच स्प्लिट टनेलिंग म्हणतात. पण असं केलं की नावं कुणाला विचारायची हा घोळ होतो, आणि याकडं लोक बघतच नाहीत. पूर्ण टनेल असताना विंडोजवरचं वायरगार्ड बाहेर जाणारं डीएनएस अडवतं, स्प्लिट केलं की ते अडवणं बंद होतं. मग विंडोज एकच नाव वायफायच्या आणि टनेलच्या डीएनएसला दोन्हीकडं विचारू शकतं आणि आधी येणारं उत्तर घेतं. माझ्याकडं git.office.internal कधी उघडायचं, कधी नाही. वायफायवर वायरशार्क लावून udp.port == 53 बघितलं तर आमच्या ऑफिसच्या आतल्या सर्व्हरची नावं उघडीच्या उघडी घरच्या राउटरकडं आणि तिथनं प्रोव्हायडरकडं चालली होती. पासवर्ड जात नाही हे खरं, पण कंपनीत कुठल्या नावाची मशीन आहेत ते बाहेरच्याला का कळावं?

त्यावर उपाय म्हणून कॉन्फिगमधली DNS ची ओळ काढली, नाहीतर माझ्या घरगुती साइटची नावं ऑफिसकडं जातात, तो उलटा लीक झाला. आणि अ‍ॅडमिन पॉवरशेलमध्ये हा नियम टाकला:

```
Add-DnsClientNrptRule -Namespace ".office.internal" -NameServers "10.20.0.53"
```

म्हणजे या शेपटीची नावं फक्त ऑफिसच्या डीएनएसला, बाकी सगळी नेहमीच्या ठिकाणी. 10.20.0.53 हा पत्ता AllowedIPs मध्ये बसतोय ना ते बघा, नाहीतर तो प्रश्नच टनेलच्या बाहेरनं जाईल.

तपासताना nslookup वापरू नका, तो हा नियम मानतच नाही, त्यामुळं सगळं बरोबर असून चुकलंय असं वाटतं. `Resolve-DnsName git.office.internal` वापरा. आणि तिथं आयपी मिळतोय पण ब्राउझरमध्येच साइट सापडत नाही असं झालं तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सिक्युअर डीएनएस बघा, तिथं एखादा ठराविक प्रोव्हायडर निवडलेला असेल तर ब्राउझर विंडोजला न विचारता थेट त्यालाच विचारतो, आणि त्याला आपल्या ऑफिसच्या आतलं नाव माहीत असायचं कारणच नाही.