वांग्याची टोपी उचलून बघणारी माणसं

चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की चातुर्मासात वांगं वर्ज्य असलेली घरंही मोकळी होतात आणि मंडईत जांभळ्या ढिगांभोवती गर्दी वाढते. या गर्दीत दोन जाती असतात. एक, "मावशी, अर्धा किलो द्या" म्हणून पिशवी पुढे करणारी. दुसरी, एकेक वांगं हातात घेऊन त्याची टोपी नखानं उचलून बघणारी. मी दुसरीतली. मागचे लोक चुळबूळ करतात, पण भरली वांगी कडवट निघाली की त्यांच्यातलं कुणी जेवायला येत नाही.

टोपी म्हणजे देठाखालचा तो हिरवा, काटेरी मुकुट. तो हिरवागार, ताठ आणि फळाला घट्ट चिकटलेला हवा. किंचित उचलला तर त्याखाली फिक्कट, पांढुरकी कड दिसते. जांभळा रंग चढायला ऊन लागतं आणि टोपीखाली ते पोचत नाही. वांगं झपाट्यानं वाढत असलं की टोपीखालून नवी, रंग न चढलेली साल सतत बाहेर येते आणि कड रुंद दिसते. वाढ थांबलेल्या वांग्याची कड बारीक होत नाहीशी होते, तो गडी जून झालेला समजावा. हिरव्या किंवा पांढऱ्या वांग्यांना अर्थात ही परीक्षा लागू नाही. तिथे चमक बघायची. कोवळ्या वांग्याची साल ताणलेली, तकतकीत असते. जून होताना ती आधी मंद पडते, मग तपकिरी-पिवळट झाक येते.

मग अंगठा. हलका दाबला आणि खळगा लगेच भरून आला तर वांगं घ्यावं. खळगा तसाच राहिला तर आतला गर भुसभुशीत झालाय. वजनाच्या बाबतीत मात्र लोकांचा गोंधळ होतो. भरतासाठी सारख्या आकाराच्या दोन वांग्यांतलं हलकं उचलतात, कारण जडात बिया जास्त, असा हिशेब. तो बहुधा जमतो, पण हलकं वांगं ताठही हवं. हलकं आणि सुरकुतलेलं म्हणजे फक्त वाळलेलं.

"ताई, खालची खूण गोल असलेलं घ्या, ते नर, त्यात बिया कमी," असं मावशी आत्मविश्वासानं सांगतात. वांग्याच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्रच असतात. फळाला नर-मादी नसते. तळाची ती खूण फूल गळून पडल्याची. मी मान डोलावते आणि परत टोपी उचलते.

भोकांचं तर उलटंच आहे. शेंडा व फळ पोखरणारी अळी अगदी बारीक असताना आत शिरते आणि ती वाट बुजून जाते. आपल्याला दिसतं ते बहुतेकदा खाऊन-पिऊन बाहेर पडल्याचं भोक. म्हणजे भोकवालं वांगं नकोच, पण बिनभोकाचंही चिरून बघितल्याशिवाय मसाला भरायचा नाही.

चिरताना देठ ठेवून अधिकाच्या खुणेसारखे दोन काप, आणि लगेच उजेडात धरून आत डोकवायचं. गर पांढरा आणि बिया फिकट असल्या तर उत्तम. बिया तपकिरी, टणक झाल्या असतील तर ते वांगं मी भरल्या वांग्यात घालत नाही. एक जून वांगं आख्ख्या रश्शाला कडवटपणा देतं. फार जिवावर आलं तर बियांचा भाग काढून उरलेलं परतून खावं.

चिरलेली वांगी सरळ मिठाच्या पाण्यात, लिटरभर पाण्याला चमचाभर मीठ, पंधरा मिनिटं. यात दोन कामं होतात आणि ती वेगळी आहेत. पाण्यात बुडवल्यानं हवा लागत नाही, म्हणून वांगी काळी पडत नाहीत. काळं पडणं म्हणजे कडू होणं नव्हे. मीठ थोडा कडवट रस काढतं आणि शिवाय जिभेला कडू जाणवणं कमी करतं. काप करायचे असतील तर चकत्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवून पुसून घेतल्यानं जास्त फरक पडतो, आणि मग त्या तेलही कमी पितात. चिंच-गूळ आणि दाण्याचा कूट उरलंसुरलं सांभाळून घेतात. पण कडवटपणा सगळा काही पाण्यात उतरत नाही. जून, बियाळ वांग्याला तासभर आंघोळ घातली तरी ते आपला स्वभाव सोडत नाही.

आणि कोवळी निवडून आणलेली वांगी फ्रिजमध्ये ठेवू नयेत. सुमारे दहा अंशांखालच्या थंडीत काही दिवस राहिली की सालीवर खड्डे पडतात आणि आतल्या बिया, गर काळवंडतात. पातळ कापडात गुंडाळून ओट्याच्या सावलीतल्या कोपऱ्यात ठेवायची आणि एक-दोन दिवसांत संपवायची. म्हणून किलोभर स्वस्त मिळत असली तरी मी अर्धा किलोच घेते, आणि मावशींच्या चेहऱ्याकडे बघत नाही.