सबवूफरचा निळा दिवा लुकलुकतच राहिला

वीज जाऊन आली आणि साउंडबारमधून आवाज येत असला तरी त्यातला दम गेला. सबवूफरच्या मागचा निळा दिवा लुकलुकत होता. माझ्या मॉडेलमध्ये याचा अर्थ तो साउंडबारला शोधतोय. जोडणी झाली की हा दिवा स्थिर राहतो.

मी मागचं पेअरिंगचं बटण दाबून धरलं. दिवा भराभर लुकलुकू लागला, थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यासारखा झाला. असं तीनदा. चूक मग लक्षात आली: सबवूफर हाक मारत होता, पण साउंडबारला ऐकायला मी सांगितलंच नव्हतं. पेअरिंग दोन्ही बाजूंनी चालू करावं लागतं. कुठे रिमोटचं एखादं बटण दाबून धरायचं असतं, कुठे बारवरची दोन बटणं एकत्र, म्हणून मॅन्युअलमधलं ते एक पान उघडाच.

दोघांचेही प्लग काढून ठेवले आणि पाचेक मिनिटं थांबलो. नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही, कारण तेव्हा यंत्र स्टँडबायमध्ये जागंच असतं. मग आधी सबवूफर लावला, बटण दाबून दिवा भराभर लुकलुकायला लावला, लगेच बार चालू करून त्याचंही पेअरिंग सुरू केलं. काही सेकंदांत दिवा स्थिर झाला. खात्रीसाठी गाणं लावून सबवूफरच्या हवेच्या भोकापुढे तळहात धरला. ठेक्याबरोबर हवेचे झोत लागत होते!

दुसऱ्या दिवशी बेस मध्येच तुटायला लागला. सबवूफर ठेवला होता लोखंडी कपाटाच्या आडोशाला, आणि राउटर त्याच्यापासून हातभर अंतरावर. माझा सबवूफर २.४ गीगाहर्ट्झवर चालतो, वाय-फायही त्याच पट्ट्यात. राउटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला, सबवूफर कपाटामागून बाहेर काढला, तेव्हापासून बेस तुटलेला नाही.

राहिली गुणगुण. कोणतंही गाणं चालू नसताना बारीक 'हूं' असा आवाज यायचा. हीही जोडणीचीच भानगड असेल असं वाटलं, पण बारचा प्लग काढला तरी गुणगुण चालूच! म्हणजे ती वायरलेसमधून येत नव्हती, सबवूफरच्या स्वतःच्या विजेच्या बाजूची होती. आणखी चार चार्जर लावलेल्या एक्स्टेंशन बोर्डवरून काढून मी तो थेट भिंतीच्या सॉकेटला लावला आणि आवाज थांबला. भिंतीवर लावूनही आवाज राहिला असता, तर आतल्या पॉवर सप्लायचा किंवा अॅम्प्लिफायरचा दोष धरला असता, आणि तिथे पुन्हा पेअर करण्यात वेळ घालवायचा नाही, दुरुस्तीलाच न्यायचं. घरी मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज उरलेली असू शकते.